खांदेरी कुठे आणि आम्ही कुठे
हातहोकायंत्र डोळ्यासमोर धरायचं, किनाऱ्यावरची ओळखीची खूण त्याच्या रेषेत आणायची, अंश वाचायचे आणि नकाशावर त्या खुणेतून तेवढ्या अंशांची रेघ ओढायची. दोन रेघा छेदतील तिथे आपली बोट, आणि तिसरी रेघ त्या दोघींची साक्षीदार. हे मला इतकं पक्कं समजलं होतं, की मेहुण्याच्या शिडाच्या बोटीवर मी ते तांडेलमामांनाही समजावून सांगितलं. ते जन्मापासून याच पाण्यात आहेत, तरी त्यांनी ऐकून घेतलं.

मुंबईहून अलिबागकडे निघालो होतो. मागे कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह, डावीकडे कनकेश्वरचा डोंगर, पुढे खांदेरीचं दीपगृह. तीन रेघा एका बिंदूत सहसा भेटत नाहीत. बोट डुलते, हात हलतो, छोटा त्रिकोण उरतो आणि त्यात आपण असू असं मानायचं. माझ्या त्रिकोणात आम्ही, उंदेरी आणि थळची ग्रामपंचायत आरामात मावत होतो.

मी होकायंत्राला दोष दिला, लाटांना दिला, नकाशा छापणाऱ्यांनाही दिला. शेवटी मामा म्हणाले, "सायेब, गळ्यात काय अडकवलंय?"

चष्मा. नाकावर चुंबकाने टचकन जुळणारा, मुलीने वाढदिवसाला दिलेला. होकायंत्रापासून चार बोटांवर. बरं, ठरावीक अंश वजा करून भागावं तर तेही नाही. चुंबकाची ओढ प्रत्येक दिशेला वेगळा घोळ घालते.

चष्मा काढला, तोवर धुरकट हवेत डोंगर आणि प्राँग्ज दोन्ही गायब. उरली एकटी खांदेरी. पण एका खुणेवरही भागतं: एकदा दिशा घ्यायची, ठरावीक अंतर सरळ जायचं, पहिली रेघ तेवढीच पुढे सरकवायची आणि त्याच खुणेची दुसरी दिशा तिला छेदू द्यायची. त्यातही सोपी युक्ती म्हणजे खूण नाळेपासून ४५ अंशांवर दिसली की घड्याळ लावायचं आणि ती बरोबर काटकोनात आली की थांबवायचं. मधे जेवढं अंतर कापलं, तेवढ्याच अंतरावर खूण. दक्षिणेला तोंड करून ४ नॉटने अर्धा तास गेलो, म्हणजे २ मैल. खांदेरीचे खडक २ मैल लांब! मी चहा मागवला.

मामांनी नुसतं जाळ्याच्या बोयाकडे बोट दाखवलं. बोया उत्तरेला कलला होता आणि दक्षिणेकडून पाणी त्याच्यावर फुटत होतं. भरती आम्हाला मागे ओढत होती, आणि बोटीचं वेगमापक फक्त पाण्यातला वेग मोजतं, जमिनीवरचा नाही. ओढ १ नॉटची धरली तर आम्ही खरे दीडच मैल आलो होतो, म्हणजे खडकही दीडच मैलांवर. ओढ पाठीमागून असती तर चूक निदान आम्हाला खडकांपासून लांब ठेवणारी झाली असती. माझ्या वाट्याला अर्थातच दुसरी आली.

मी खोडरबर शोधेपर्यंत मामांनी सुकाणू समुद्राकडे वळवलंही होतं.

"आता बसा निवांत," ते म्हणाले, "फक्त तो चष्मा माझ्या होकायंत्रावरून उचला."