एक लाखावे कास्टिंग

छोट्या कारखान्याच्या प्रसिद्धीपत्रकाला दोनच हमखास वाचक असतात. एक उपसंपादक, दुसरे खुद्द मालक. पैकी मालक ते वरून खाली वाचतात, आणि उपसंपादक खालून वर कापतो. पानावर जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद आधी जातो, मग त्याच्या वरचा. सगळा घोळ इथूनच सुरू होतो, कारण मालकांचा मजकूर लग्नपत्रिकेच्या क्रमाने लिहिलेला असतो: आधी कुलदैवत, मग थोरामोठ्यांचे आशीर्वाद, आणि वधूवर बऱ्याच उशिरा.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एखादी फाउंड्री घ्यावी. समजा, तिथे शेतीपंपाच्या बॉडीचे एक लाखावे कास्टिंग ओतले गेले. पत्रकाचा पहिला खर्डा धाकट्या चिरंजिवांकडून येतो. कै. आबांची पुण्याई, अंबाबाईची कृपा, प्रतिकूल परिस्थिती, गरुडझेप, ‘राज्यातील अग्रगण्य’ असे सगळे टप्पे घेत तो दुसऱ्या पानावर एकदाचा लाखाच्या आकड्याला पोहोचतो. पुढे उपस्थित मान्यवरांची यादी. तीत मेव्हण्यांचे नाव दोनदा असते, एकदा उद्योजक म्हणून आणि एकदा समाजसेवक म्हणून.

उपसंपादकाने हे खालून कापत नेले तर हाती आबांची पुण्याई तेवढी उरते. म्हणून बातमी पहिल्याच वाक्यात लागते: ‘शिरोली औद्योगिक वसाहतीतील अमुक फाउंड्रीने शेतीपंपाच्या बॉडीचे एक लाखावे कास्टिंग मंगळवारी ओतले. पाच वर्षांत हा टप्पा गाठणाऱ्या या कारखान्यात ४२ कामगार आहेत.’ एवढेच छापून आले तरी बातमी पुरी होते. त्याखाली मालकांचे एखादे वाक्य आणि पुढचा बेत. सगळे मिळून दीडशे शब्द. आशीर्वाद शेवटी ठेवावेत. ते कापले गेले तरी त्यांचा प्रभाव कमी होत नाही, असे घरात सांगता येते.

‘अल्पावधीत’ या शब्दाऐवजी पाच वर्षे लिहिण्याचा आणखी एक फायदा असतो: हिशेब जुळतो. वर्षाला तीनशे कामाचे दिवस धरले तर रोज सदुसष्टच्या आसपास कास्टिंगे होतात, आणि छोट्या फाउंड्रीला ते शोभते. हिशेब न करता ‘दोन वर्षांत’ असे ठोकून दिले, तर रोजचा आकडा दीडशेच्या वर जातो आणि पहिला फोन वार्ताहराचा नव्हे, शेजारच्या फाउंड्रीवाल्याचा येतो. ‘अग्रगण्य’चेही तसेच. ते कोणी मोजले हे सांगता येत नसेल, तर उपसंपादक तो शब्द खोडतोच; त्याचे काम आपणच केलेले बरे.

पाठवण्याच्या पद्धतीतही पुष्कळ पत्रके बळी पडतात. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेला मजकूर ई-मेलमध्ये चिकटवला की पलीकडे रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. त्यातून कास्टिंग शोधायला कोणाला वेळ नसतो. मजकूर युनिकोडमध्ये, ई-मेलच्या अंगातच द्यावा. स्कॅन केलेल्या लेटरहेडवरून तो पुन्हा टाइप करावा लागतो. फोटो वेगळा जोडावा, कारण व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो आक्रसतो आणि छापताना मालक व भट्टी यांतला फरक कळत नाही. फोटोओळीत नावे डावीकडून द्यावीत, आणि ती फोटोतल्या माणसांइतकीच असावीत.

हाच कागद व्यापारी मासिकाला पाठवला तर तिथे तो पडून राहतो. स्थानिक वृत्तपत्राला शिरोली आणि ४२ कामगार हवे असतात. ‘इंडियन फाउंड्री जर्नल’सारखे नियतकालिक वाचणाऱ्याला लाखाच्या आकड्याचे कौतुक बेताचेच असते. त्याला कास्टिंगचे वजन, लोखंडाची ग्रेड आणि मुख्य म्हणजे रिजेक्शन किती, हे हवे असते. तेव्हा दुसरे पत्रक वेगळे होते: बारा किलोचे कास्टिंग, एफजी २६० ग्रेड, एकूण बाराशे टन माल, वाळूतला ओलावा रोज मोजायला लागल्यापासून ब्लोहोल घटले आणि रिजेक्शन आठ टक्क्यांवरून तीनवर आले. मालकांचा इथे जीव जातो, कारण आठ टक्के माल वाया जात होता हे आबांनाही सांगितलेले नसते. पण बातमी तीच असते. शिवाय मासिकाचा अंक बराच आधी बांधला जातो, त्यामुळे ‘मंगळवारी’ काढून महिना आणि वर्ष घालावे लागते.

पाठवल्यावर एक फोन पुरतो, तोही संध्याकाळी पाने लागण्याच्या गडबडीत नव्हे, दुपारी. तो संपादकीय विभागात करावा. जाहिरात विभागात केला तर बातमीचे दर सेंटिमीटरमध्ये सांगितले जातात, आणि मालकांना ते एकदम सोयीचे वाटू लागते, कारण तिथे मान्यवर कापत नाहीत. मात्र तो मजकूर जाहिरात म्हणूनच छापला जातो.

छापून आल्यावर आधी आकडा तपासावा. ‘एक लाखावे’चे ‘एक लाखाचे’ झाले असेल, तर कास्टिंगची किंमत लाख रुपये ठरते आणि गिऱ्हाइके बिचकतात. लगेच कळवले तर दुरुस्ती छापली जाऊ शकते. मासिकातल्या चार ओळींवर चौकशी येते ती बहुधा दुसऱ्या फाउंड्रीकडून: वाळूतला ओलावा मोजायचे यंत्र कुठून घेतले?