नंतर वटला ना!

बँकेशी भांडायला चिंचवडच्या माणसाला वेळ असतो. निदान निवृत्त माणसाला तरी. चापेकर चौकातला सिग्नल ओलांडेपर्यंत निम्मा राग निवतो आणि शाखेत टोकन घेऊन बसल्यावर उरलेलाही निवतो. मग खिडकीपाशी पोहोचतो तो अगदी सौम्य, समजूतदार इसम. हे बँकेच्या फायद्याचं आहे.

माझं भांडण होतं एकशे सत्त्याहत्तर रुपयांचं. एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या शेडच्या भाड्याचा साडेअठरा हजारांचा चेक मी खात्यात भरला. पासबुकात रक्कम जमा झाली, दुसऱ्या दिवशी तेवढीच वजा झाली, त्यानंतरच्या दिवशी पुन्हा जमा झाली. इथवर सगळं ठीक. पण मध्ये दोन बारीक ओळी होत्या: चेक रिटर्न चार्जेस 150 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 27. चेक वटला, पण परत आल्याचा दंड माझ्याकडून वसूल झाला होता.

"चेक नंतर वटला ना! मग फी कसली?" मी विचारलं. खिडकीपलीकडची मुलगी नम्र होती. "काका, सिस्टीमनं कापलेत." सिस्टीम हे बँकेतलं असं माणूस आहे, की जे कधीच रजेवर नसतं आणि कधीच भेटत नाही.

पण खरं सांगायचं तर 'नंतर वटला' हा माझा मुद्दा लंगडाच होता. चेक देणाऱ्याच्या खात्यात सोमवारी पैसे नसले आणि बुधवारी आले, तरी चेक दुसऱ्या खेपेला वटतोच. म्हणून सोमवारचं परत येणं खोटं ठरत नाही. नंतर काय झालं याला महत्त्व नाही, पहिल्यांदा का परतला याला आहे. आणि ते कारण रिटर्न मेमोवर लिहिलेलं असतं, सांकेतिक क्रमांकासह.

मी मेमो मागितला. जरा शोधाशोध झाली आणि कागद आला. 01 म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. माझ्या मेमोवर होतं 39: 'इमेज नॉट क्लिअर, प्रेझेंट अगेन विथ पेपर'.

आता चेक स्वतः प्रवास करत नाही. तो आपण भरला त्या बँकेतच राहतो आणि पुढे जातं ते त्याचं चित्र. स्कॅन करताना चेक दुमडला, अक्षरं पुसट उमटली, की पलीकडची बँक म्हणते, दिसत नाही, पुन्हा पाठवा. माझा चेक स्वच्छ होता. पेटीत टाकण्याआधी मी मोबाइलवर फोटो काढून ठेवतो. घरचे या सवयीला हसतात, पण चेक एकदा पेटीत गेला की आपल्या हातात पुरावा तेवढाच. फोटोत आकडा, सही, तारीख सगळं ठणठणीत दिसत होतं. धूसर झाला होता तो फक्त स्कॅनरच्या नजरेला.

रिझर्व्ह बँकेनं 2012 सालीच सांगून ठेवलं आहे की, परतलेल्या चेकची फी ग्राहकाची चूक असेल तेव्हाच घ्यायची. ग्राहकाची चूक नसलेल्या कारणांची यादीही सोबत जोडली आहे, आणि तीत चित्र स्पष्ट नसल्याचं कारण आहे. शिवाय असा चेक ग्राहकाला न विचारता बँकेनं चोवीस तासांत, सुट्ट्या सोडून, स्वतःच पुन्हा पाठवायचा आणि ग्राहकाला एसएमएस वा ई-मेलनं कळवायचं. बँकेनं पुन्हा पाठवण्याचं काम चोख केलं होतं. फक्त त्याच्या आधी फीही तितक्याच चोखपणे कापली होती.

मग अर्ज लिहिला. रागाची विशेषणं गाळली. चेक क्रमांक, रक्कम, भरल्याची, परतल्याची आणि वटल्याची तारीख, कारण क्रमांक 39, रिझर्व्ह बँकेची सूचना आणि मागणी: 150 अधिक 27. जीएसटी मुद्दाम वेगळा लिहिला. नाहीतर फी परत येते आणि तिच्यावरचा कर अनाथासारखा मागे राहतो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि ते तीस दिवस मोजायला ही तारीख लागते. ती मोजायची वेळ आली नाही. मेमो आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवून व्यवस्थापक साहेबांनी सही केली आणि दोन्ही रकमा खात्यात परतल्या.

पुढे त्याच भाडेकरूचा आणखी एक चेक परत आला. यावेळी मेमोवर 01 होता. चार दिवसांनी तोही वटला आणि फी याही वेळी कापली गेली. बँकेनं इथे काही बिघडवलं नव्हतं; मागून पाहिलं असतं तर परतावा कदाचित मिळालाही असता, पण तो साहेबांच्या मर्जीचा, हक्काचा नव्हे. म्हणून चापेकर चौक ओलांडायच्या भानगडीत पडलो नाही. पासबुकातल्या त्या दोन ओळींचा फोटो भाडेकरूला पाठवला आणि पुढच्या भाड्यात एकशे सत्त्याहत्तर जास्त घेतले. त्यानं एकच विचारलं, "काका, पण चेक नंतर वटला ना?"