भाग कुठला, हे पहिल्याच मिनिटात कसे ओळखावे

मालिका सुरू होऊन दहा सेकंद झाली नाहीत तोच 'हा तो भाग!' असे गर्जून सांगणारा एक गृहस्थ प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे ते खाते भाऊजींकडे आहे. ही विद्या ज्यांना साधायची असेल त्यांनी पुढील नियम पाळावेत.

सरावासाठी अमेरिकन 'द ऑफिस' घ्यावी. शीर्षकसंगीताआधी तीत एक छोटा प्रसंग येतो, त्याला कोल्ड ओपन म्हणतात. प्रेक्षकाचा हात रिमोटकडे जायच्या आत त्याला हसवायचे, हे त्याचे काम.

नियम पहिला : विनोद नव्हे, रिसेप्शनची खुर्ची पाहावी. तिथे पॅम असेल तर पाचव्या सीझनच्या उत्तरार्धाच्या अलीकडचा भाग, एरिन असेल तर पलीकडचा. जिम भलत्याच ऑफिसात बसलेला दिसला, तर तिसऱ्याची सुरुवात. (हे खरोखरच उपयोगी आहे. भाऊजींना सांगू नये.)

नियम दुसरा : प्रसंग ओळखला म्हणजे भाग ओळखला, असे समजू नये. केव्हिन घरून चिलीचे मोठे पातेले कौतुकाने घेऊन येतो आणि ते सगळे रिसेप्शनसमोर सांडते. मग तो हाती लागेल त्याने ते भरत बसतो. हे दृश्य कोण विसरेल? भाऊजी लगेच म्हणतात, 'चिलीचा भाग!' आता विचारावे, 'पुढे काय होतं?' घरात शांतता पसरते. कारण पुढे चिली नाहीच! शुक्रवारी हवे ते कपडे घालायची मुभा परत मिळते आणि सेल्सवाले ग्राहकांवरून मायकेलवर चिडतात. भागाचे नाव 'कॅज्युअल फ्रायडे'. ते पातेले दुसऱ्या कुठल्या भागाआधी सांडले असते, तरी कोणाला पत्ता लागला नसता. बहुतेक कोल्ड ओपन असेच सुटे असतात, म्हणून तर ही विद्या अवघड.

नियम तिसरा : अपवाद पाठ असावेत. १ फेब्रुवारी २००९ला, सुपर बोलनंतर दाखवलेल्या 'स्ट्रेस रिलीफ'मध्ये ड्वाइट सुरक्षेचा धडा म्हणून ऑफिसात आग लावतो, दारे बंद करतो, पळापळ होते आणि स्टॅन्लीला हृदयविकाराचा झटका येतो. इथे मात्र पुढची मुख्य कथा त्या झटक्यातूनच निघते.

नियम चौथा : 'द सिम्पसन्स'च्या सोफ्यावर पैज लावू नये. सुरुवातीच्या सीझनांत तोच सोफा-विनोद वेगवेगळ्या भागांना वापरलेला आहे.

नियम पाचवा : ओळखल्यावर तोंड मिटावे. त्या आगीच्या प्रसंगात 'आता बघ, आता अँजेला मांजर वर फेकणार!' यात कसली विद्वत्ता? ते ड्रॉवरमधून निघालेले मांजर छतात जाते आणि दुसरीकडून बदकन खाली येते, एवढ्यासाठी तर आम्ही बसलोय. तेवढं मांजर पडेपर्यंत गप्प बसा ना, भाऊजी. मग सीझन सांगा, तारीख सांगा, चहा हवा असेल तर तोही सांगा.