गॅप कशी सांगावी : नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम, मामाच्या दुकानाचं अनुभवपत्र आणू नका. मामा देतील, शिक्काही मारतील. पण पुण्याची कंपनी पडताळणीत यूएएन नंबर मागते, पगाराच्या स्लिपा मागते, आणि मामांनी तुमचा पीएफ भरलेला नसतो. त्यांनी स्वतःचाही भरलेला नाही.

त्यापेक्षा बायोडाटात एकच ओळ लिहा : 'जून 2018 ते डिसेंबर 2023 : राज्यसेवा व संयुक्त परीक्षांची पूर्णवेळ तयारी, राज्यसेवा पूर्व उत्तीर्ण.' यातला शेवटचा महिना सगळ्यात महत्त्वाचा. तिथं 'आजतागायत' लिहिलंत की फाइल बाजूला पडली.

तोंडी सांगताना आयोगाची कैफियत मांडायचा मोह होईल. 5 एप्रिल 2020ची पूर्व परीक्षा लांबत लांबत 21 मार्च 2021ला झाली, हे एका वाक्यात सांगा आणि थांबा. परीक्षा पुन्हा पुढं ढकलली तेव्हा आपण पुण्यात रस्त्यावर बसलो होतो, ही आठवण तुमच्यासाठी अभिमानाची असेल. कारखान्याच्या मालकाला मात्र युनियन आठवते.

आता सराव. समजा, तुम्ही बी.कॉम., वय 29, आणि मुलाखत चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात, अकाउंट्ससाठी. मालक बायोडाटा उलटा-सुलटा करतात आणि विचारतात, "पाच वर्षं काय केलात?" हा प्रश्न सोपा आहे. अवघड प्रश्न ते मनात सोडवत असतात : खुल्या गटाला वयोमर्यादा 38, म्हणजे याच्याकडं अजून नऊ वर्षं. राखीव गटातले असाल तर 43. मग हळूच येतं, "उद्या जाहिरात निघाली तर?"

"नाही साहेब, कायमचं सोडलं," असं छातीवर हात ठेवून म्हणू नका. नेमकं तेव्हाच खिशातला टेलिग्रामचा ग्रुप वाजतो. (मुलाखतीआधी ग्रुपमधून बाहेर पडा. निदान म्यूट तरी करा.) शपथेपेक्षा तारखा पटतात. डिसेंबरात अभ्यासिकेची जागा सोडली, जानेवारीपासून टॅली शिकलो, एप्रिलपासून एका कर सल्लागाराकडं जीएसटीची रिटर्नं भरतोय, त्यानंतर आयोगाचा एकही फॉर्म भरला नाही. हे खरं असेल तरच सांगा, कारण मालक त्या सल्लागाराला ओळखतात. सोलापुरात सगळेच ओळखतात.

ते लगेच परीक्षाही घेतील : "जीएसटीआर-1 आणि 3बीचे आकडे जुळले नाहीत तर?" इथं घटनादुरुस्त्या कामाला येत नाहीत. दोन्ही रिटर्नं विक्रीच्या रजिस्टरशी ताडून चूक कुठली ते शोधतो, असं सरळ सांगा.

शेवटी पगार विचारतील. सातवा वेतन आयोग विसरून आकडा सांगा. महागाई भत्त्याची चौकशी करू नका.