लाइट गेली की उठणारं बाळ

खोडदमध्ये रात्री जागणाऱ्यांची कमी नाही. शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची असली की निम्मं गाव बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाणी धरायला जातं. उरलेल्यांना बिबट्या जागं ठेवतो. गावाशेजारी जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ताटल्या आहेत, त्या तर रात्रंदिवस आभाळाकडे कान लावून असतात. या सगळ्यांच्या जागरणाला काही ना काही कारण आहे. माझ्या घरातलं जागरण मात्र दहा महिन्यांच्या अशा एका इसमापायी होतं, ज्याला ना ऊस भिजवायचा होता ना तारे ऐकायचे होते.

चिरंजीव झोपायचे झोळीत. आईच्या जुन्या नऊवारीची झोळी छताच्या कडीला टांगलेली. रात्री उठल्यावर झोका दिला की दोन मिनिटांत गाढ. झोका थांबला, की पुढच्या तासाभरात कधीतरी डोळे टक्क उघडायचे आणि सूर लागायचा. मी झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून झोपायला शिकलो. अडचण एवढीच, की मला झोप लागली की पाय थांबायचा, पाय थांबला की झोळी, आणि झोळी थांबली की पोरगं. म्हणजे मी झोपल्याची खबर त्याला सगळ्यात आधी लागायची.

यावर उपाय म्हणून मी झोळी हलवणारी विजेची मोटर आणली. बायकोनं किंमत विचारली तेव्हा मी ‘गुंतवणूक’ हा शब्द वापरला. पहिल्या रात्री मोटर सुरू झाली, आम्ही दोघं मेल्यासारखे झोपलो, आणि मध्यरात्री लाइट गेली. मोटर थांबल्यावर काही मिनिटांतच चिरंजिवांनी आळी उठवली. मग हे नेहमीचंच झालं. शेजाऱ्यांना लाइट गेली का हे बघायला उठावंच लागेना, आमच्या घरातून आवाज आला की गेली. मी इन्व्हर्टर बसवला. तर मोटर तापून पहाटे आपोआप बंद पडायला लागली. मोटर बंद पडलेली आम्हा दोघांना कळायची नाही, त्याला बरोबर कळायची.

एका रात्री मोटारसायकलच्या घरघरीनं तो झोपतो असा शोध लागला. बिबट्याच्या भीतीनं बाहेर जायची सोय नव्हती, म्हणून बायकोनं त्याला खांद्यावर घेऊन ओट्यावर उभं राहायचं आणि मी अंगणात उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचं. रात्री दीडला अंगणात गाडी चालू आहे आणि जात कुठंच नाही, हे बघून समोरच्या तात्यांनी काठी आणि चार माणसं गोळा केली. त्यांना मी काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.

घरच्या उपायांत आईनं दृष्ट काढली आणि गुटीत जायफळाचे वेढे एकाचे दोन केले. जायफळ जास्त झालं तर ते गुंगी नव्हे, विष ठरतं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला तर त्याहून सोपं हवं होतं. सर्दीचं एक पातळ औषध दिलं की पोरं गुमान झोपतात असं पारावर ऐकलं होतं. ते लिहून घ्यायलाच मी चिरंजिवांना नारायणगावला बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं.

औषधाचं नाव काढताच बाईंनी पेन खाली ठेवलं. गुंगी आणणारं ते सर्दीचं औषध दोन वर्षांखालच्या मुलाचा श्वास मंदावू शकतं, अमेरिकेत त्यावर २००४ पासून ठळक इशारा छापतात, असं म्हणाल्या. मग त्यांनी जे विचारलं त्यात झोपेचं फारसं नव्हतंच. घोरतो का? तोंड उघडं टाकून श्वास घेतो का? दूध वर येतं का, पाठीची कमान करून रडतो का? अंगाला खाज आहे का? झोपेत पाय झाडत राहतो का? वजन केलं, कानात बॅटरी मारून बघितलं, रक्तातलं लोह तपासायला सांगितलं. घशातल्या गाठी, कानाचा ठणका, छातीत येणारं आंबट, इसब, लोहाची कमतरता यांतलं काही असेल तर झोप सुधारण्याच्या सगळ्या युक्त्या फुकट जातात.

सगळं ठीक निघालं. तेव्हा बाईंनी खरा प्रश्न विचारला, “उठल्यावर झोका दिला, तर किती वेळात झोपतो?”

“दोन मिनिटांत,” मी जरा अभिमानानंच सांगितलं.

“ज्याचा कान ठणकतोय तो दोन मिनिटांत झोपेल का?”

निदान तिथंच झालं. ठरावीक गोष्ट मिळाली की झटकन आणि शांत झोपणारं, ती नसली की न झोपणारं, दिवसा हसतं-खेळतं मूल. झोपेच्या आजारांच्या २००५ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात याला बालपणीचा वर्तनजन्य निद्रानाश म्हटलेलं आहे. त्याचा एक प्रकार मोठ्या मुलांचा. ती पाणी हवं, गोष्ट हवी, अजून एकदा शू करत झोपायची वेळ ढकलतात आणि आईबापांना नाही म्हणता येत नाही. दुसरा आमचा, झोपेला कशाची तरी सांगड बसलेला. २०१४ च्या आवृत्तीत हे पोटप्रकार मोडून सगळ्यांना दीर्घकालीन निद्रानाशाच्या एकाच छत्राखाली आणलं, पण दवाखान्यात जुनी विभागणी अजून कामाला येते. त्रास आठवड्यातून निदान तीन रात्री, तीन महिने आणि त्यानं मूल किंवा घरचे दिवसा बेजार, एवढं भरलं तर तो निद्रानाश. घरचे बेजार आहेत का, असं त्यांनी विचारायला आणि मला खुर्चीत डुलकी लागायला एकच गाठ पडली.

पुढचं ऐकून मी चांगलाच जागा झालो. रात्रभर न उठणारं बाळ नसतंच, असं त्या म्हणाल्या. तान्ह्यांच्या झोपेचं एक चक्र तासाभराच्या आतबाहेर असतं आणि चक्र संपताना सगळीच थोडी जागी होतात. १९७९ मध्ये थॉमस अँडर्स या अमेरिकी संशोधकानं बाळांचं रात्रभर चित्रीकरण केलं, तेव्हा आईबाप ज्यांना ‘रात्रभर झोपतो’ म्हणत होते तीही जागी होताना दिसली. ती नुसती इकडेतिकडे बघून परत झोपत होती. संशोधकांनी मग दोन गट केले, आपली आपण झोपणारी आणि सिग्नल देणारी. जगातली एवढी मोठी रेडिओ दुर्बीण ज्या गावात क्षीण सिग्नलसाठी उभी आहे, तिथं इतका जोरकस सिग्नल माझ्याच घरातून निघत होता.

म्हणजे जाग येणं हा दोष नव्हता. जाग आल्यावर परत झोपायचं कसं, हे त्याला एकट्याला येत नव्हतं. रात्री डोळा लागताना झोळी हलत होती, एकला बघतो तर सगळं गपगार. झोपताना जे होतं तेच तो परत मागत होता. मी तर त्या मागणीला इन्व्हर्टरची जोड दिली होती.

“झोळी सोडा असं म्हणत नाही,” बाई म्हणाल्या. “आपल्याकडं पोरं आईबापाजवळच झोपतात, तो काही रोग नाही. कुणाला त्रास नसता तर तुम्ही इथं आलाच नसता.” फक्त एक वर्षाच्या आतल्या मुलाला रात्रभर झोळीत ठेवू नये, कडक सपाट अंथरुणावर पाठीवर झोपवावं, हे त्यांनी बजावलं.

उपचार सुरू झाला तो एका वहीनं. दोन आठवडे फक्त लिहायचं. अंथरुणात कधी टाकलं, खरा डोळा कधी लागला, कधी उठला, काय केल्यावर झोपला, दुपारी किती झोपला. वहीतून निघालं ते असं, आम्ही आठपासून झोपवत होतो आणि तो झोपत होता साडेदहाच्या सुमाराला, कारण संध्याकाळी आई त्याला मांडीवर घेऊन मालिका बघायची आणि तो साडेसहापर्यंत तिथं झोप काढायचा.

मग नियम लागले. सकाळी उठवायची वेळ एकच, रात्र कशीही गेली तरी. दुपारची झोप चारच्या पुढं नाही. अंथरुणावर न्यायचं ते खऱ्या झोपेच्या वेळेला, म्हणजे साडेदहाला, आणि तो पटकन झोपायला लागला की काही रात्रींनी ती वेळ पंधरा मिनिटं अलीकडं ओढायची. त्याआधी अर्धा तास रोज तेच, अंग पुसणं, कपडे, दूध, एक अंगाई, दिवा बारीक. दूध सुरुवातीला, शेवटी नाही, नाहीतर झोळी जाऊन तिच्या जागी दूध बसतं. आणि पेंगुळलेला पण जागा असताना खाली ठेवायचं.

खाली ठेवल्यावर तो रडणार हे उघडच होतं. त्यावरचा लवकर गुण देणारा मार्ग म्हणजे रडू द्यायचं आणि जायचंच नाही. दुसरा, अमेरिकी डॉक्टर रिचर्ड फर्बर यांच्या १९८५ च्या पुस्तकानं गाजलेला, म्हणजे ठरावीक आणि वाढत्या मिनिटांनी जाऊन धीर द्यायचा. बाईंनी आमच्या घरात माणसं किती ते विचारलं आणि दोन्ही खोडले. कारण या दोन्हींचा नियमच असा, की सुरुवातीच्या काही रात्री पोर जास्तच रडतं, आणि नेमकं तेव्हा कुणी उचललं तर ते शिकतं, की अजून जोरात रडलं की काम होतं. आमच्याकडं पहिल्या हुंदक्याला आई, दुसऱ्याला चुलती आणि तिसऱ्याला शेजारच्या काकू येतात.

म्हणून आम्हाला मिळाला सौम्य मार्ग. शेजारी बसायचं, हात अंगावर, पण उचलायचं नाही. काही रात्रींनी हात काढायचा, मग अंतर वाढवत दारापर्यंत. मी दाराच्या दिशेनं इंचाइंचानं सरकत असताना आई दाराबाहेर उभी असायची. “आरं, रडतंय ना ते! दगडाचा हायेस का?” रडण्यानं पोर बिघडेल ही तिची भीती मी बाईंना सांगितली. ॲडलेडमध्ये ४३ बाळांवर झालेला आणि २०१६ मध्ये छापलेला अभ्यास त्यांनी सांगितला. वर्षभरानंतर रडू दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांच्या वागण्यात किंवा आईशी असलेल्या ओढीत फरक सापडला नाही. मुलं थोडीच होती, हेही त्यांनीच जोडलं. आईवर ॲडलेडचा परिणाम शून्य. शेवटी संध्याकाळची मालिका तिनं नातवाशिवाय बघायची आणि रात्री खोलीत यायचं नाही, या बोलीवर मी तिला नवीन टीव्ही कबूल केला. उपचारातला सगळ्यात महाग भाग तोच.

चिरंजीव आता साडेआठला झोपतात. मधे ताप आला तेव्हा परत झोळीची मागणी झाली, ती आम्ही पुरवली, आणि ताप गेल्यावर तेच वेळापत्रक पहिल्यापासून लावलं. दुसऱ्यांदा ते लवकर बसतं. मोटर विकायची आहे, पण घेणाऱ्यानं बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर वरचं काहीही करून बघू नये. त्या वयात रात्री उठणं आणि दूध मागणं हेच बरोबर असतं. आणि मूल घोरत असेल, वजन धरत नसेल किंवा उचलूनही शांत होत नसेल, तर वही नंतर, आधी डॉक्टर.