तिसरा फोन

निगडीहून चाकणकडे पहिल्या पाळीची कंपनीची बस पहाटे सुटते. ती कुणासाठी थांबत नाही, ड्रायव्हर कुणाला फोन करत नाही, आणि तरीही आमचा एक मित्र ती कधी चुकवत नाही. अंधारात, डोळे चोळत का होईना, तो थांब्यावर हजर असतो. तोच माणूस संध्याकाळी साडेसातला चिंचवडमध्ये भेटायचं ठरलं की सव्वाआठला उगवतो आणि "आज ट्रॅफिक बघितलंस का?" म्हणून आपल्यालाच विचारतो.

ट्रॅफिक आहेच. चाकणच्या तळेगाव चौकात पाळी सुटण्याच्या वेळी कंटेनर आडवा झाला तर वीसेक किलोमीटरचं चिंचवड मुंबईइतकं लांब वाटतं. पण खऱ्या ट्रॅफिकची एक खूण आहे. ते कधी दहा मिनिटं खातं, कधी सव्वा तास, आणि एखाद्या दिवशी काहीच खात नाही. आमच्या मित्राचा उशीर मात्र चाकणहून आला तरी पाऊण तास आणि दोन गल्ल्या पलीकडच्या घरून आला तरी पाऊण तास. इतकी सातत्यपूर्ण क्वालिटी रस्त्याला जमत नाही. ती प्रोसेसमधूनच येते.

या प्रोसेसमध्ये आपलाही हात असतो. भोसरीतल्या कुठल्याही पर्चेसवाल्याला विचारा. ज्या व्हेंडरला रोज फोन करून मटेरियल मागवावं लागतं, तो काही दिवसांनी फोन आल्याशिवाय गाडीच भरत नाही. पहिला फोन म्हणजे ऑर्डरची आठवण, दुसरा म्हणजे साहेब चिडलेत, तिसरा म्हणजे आता खरंच लाइन बंद पडणार. मग तो माल काढतो. त्याच्या दृष्टीने डिलिव्हरीची तारीख कागदावर नसते, ती तिसऱ्या फोनवर असते. आपणही साडेसहाला "निघालास का?", सातला "कुठवर आलास?" आणि साडेसातला "अरे येतोयस ना?" असं विचारत राहतो. तो अंघोळीला निघता निघता "आलोच, पाच मिनिटं" म्हणतो. आपल्याला वाटतं आपण आठवण करून दिली. प्रत्यक्षात आपण त्याचा गजर झालेलो असतो, आणि गजर फुकट असेल तर घड्याळ कशाला बघायचं?

दुसरा लाडका उपाय म्हणजे खोटी वेळ. आठला भेटायचं असेल तर त्याला सात सांगायचं. हाही पर्चेसचाच जुना खेळ आहे. माल सोळा तारखेला हवा असताना दहा तारीख टाकायची. दोनदा चालतं. मग व्हेंडरला कळतं की यांचे दहा म्हणजे सोळा, आणि तो वीसला माल पाठवतो. आता खरी तारीख कुठली हे दोघांनाही सांगता येत नाही. मित्राच्या बाबतीत तर एकदा तो चुकून वेळेवर आला आणि तिथे कुणीच नव्हतं, की पुढची पाच वर्षं ती गोष्ट आपल्याला ऐकवली जाते.

बरं, तो हे मुद्दाम करतो असंही नाही. स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो, हे मानसशास्त्रज्ञांनी मोजून ठेवलंय. 1994 साली छापलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज होता 34 दिवसांचा, लागले 55. आधीची कामं रखडल्याचं आठवत असूनही माणूस त्या आठवणीला अंदाजात धरत नाही. म्हणून "किती वेळ लागेल?" हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. उत्तर कायम अर्धा तास हेच येणार. विचारायचंच तर ठरवतानाच, हसत विचारावं, "मागच्या वेळी घरून निघून इथे पोचायला किती लागलं होतं? मग आज किती वाजता निघशील?" पोचायची वेळ हवेतली असते. निघायची वेळ त्याच्या हातातली असते.

मग बोलायचं कधी आणि काय? तो धापा टाकत आल्याबरोबर तर मुळीच नाही. तेव्हा आपण तापलेले असतो आणि तो कारणं घेऊन सज्ज असतो. "तू नेहमी उशीर करतोस" हे वाक्य तर कायमचं बाद करावं. 'नेहमी' म्हटलं की खटला उभा राहतो, आणि आरोपी कुणाच्या तरी साखरपुड्याला आपण सगळ्यांआधी पोचलो होतो याचा पुरावा हजर करतो.

पुढची भेट ठरताना एक मेसेज पुरतो. समजा, शनिवारी जेवायचं ठरलंय. "साडेसातला मी हॉटेलात असेन. पावणेआठपर्यंत तुझी वाट बघेन, मग माझी ऑर्डर देईन. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी आहे, नऊला निघणार. तू आरामात ये." यात आरोप नाही, टोमणा नाही, विनंतीही नाही. तो काय करणार याबद्दल एक शब्द नाही, आपण काय करणार तेवढं आहे. कंपनीची बस तरी दुसरं काय सांगते?

अवघड भाग पुढचा. पावणेआठला खरंच ऑर्डर द्यायची. फोन करायचा नाही. तो सव्वाआठला आला की तोंड पाडून बसायचं नाही, "ये, बस, पनीर चांगलं आहे" म्हणायचं. "थांबला नाहीस?" असं त्याने विचारलं, तर "थांबलो होतो की, पावणेआठपर्यंत" एवढंच. आणि नऊला उठायचं. गप्पा रंगल्या म्हणून दहापर्यंत बसलात, तर मेसेज खोटा ठरला आणि गाडी पुन्हा तिसऱ्या फोनवर आली. पहिल्या वेळी त्याला थोडं लागेल. लागू द्यावं. पण आत राग साठवून वर गोड बोलणार असाल तर हा उपाय करूच नये. रुसवा मेनूकार्डातूनही दिसतो.

एक अपवाद मात्र मोठा आहे. या पट्ट्यात बऱ्याच जणांचा वेळ त्यांचा नसतो. कुणाची सुट्टी गुरुवारी, कुणाची रविवारी, पाळी आठवड्याला बदलते, आणि कंत्राटावरच्या पोराला सुपरवायझर सुटायच्या वेळी "आज डबल कर" म्हणाला तर नाही म्हणायची सोय नसते. त्याचा उशीर आणि आमच्या मित्राचा उशीर एका रजिस्टरात लिहू नये. तो येण्याआधी कळवतो, आणि कळवताना ओशाळलेला असतो. त्याला घड्याळ दाखवण्यापेक्षा भेटच त्याच्या खोलीजवळ, सुट्टीच्या दिवशी ठेवावी.

आणि नाटकाचं काय, असं कुणी विचारेल. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात पडदा आपल्या मित्रासाठी अडत नाही. तेव्हा त्याचं तिकीट आधीच त्याच्या फोनवर पाठवावं, फाटकात उभं राहू नये, आत जाऊन बसावं आणि स्वतःचा फोन बंद करावा. अर्ध्या प्रवेशात तो अंधारात सोळा गुडघ्यांवरून आपल्या खुर्चीकडे येईल. जे बोलायचं ते त्या रांगेतल्या काकू बोलतील.