शुक्रवारचा शर्ट

शाळेत काय काय झालं ते चिरंजीव कधी सांगत नाहीत. शर्ट सांगतो. गेल्या शुक्रवारी त्याच्या खिशाखाली बॉलपेनचं निळं तळं होतं, पोटावर बटाट्याच्या भाजीचा पिवळा नकाशा, आणि पँटच्या उजव्या पायावर सायकलच्या चेनचा काळा शिक्का.

पूर्वी मी तिन्ही डागांना एकच साबण फासायचो. बॉलपेनची शाई तेलकट जातीची, पाण्याला दाद देत नाही. घासली की रुपयाएवढा डाग बशीएवढा होतो. आता मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणतो आणि गॅसपासून लांब, खिडकीशी बसतो. जुना पंचा अंथरून त्यावर शर्ट पालथा घालायचा आणि स्पिरिटचा बोळा मागच्या बाजूने नुसता टेकवत जायचा. शाई खाली पंचात उतरते. पंचाची तेवढी जागा निळी झाली की तो सरकवायचा, नाहीतर तीच शाई परत शर्टात शिरते. परवा पंचा सात वेळा सरकवला. आठव्या खेपेला तो कोरा राहिला, तेव्हा कुठे शर्टाला पाणी दाखवलं.

चेनच्या ग्रीसला भांड्यांचं लिक्विड, तेही कोरड्या कापडावर. दहा मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासायचं, मग धुवायचं. करडी छटा थोडी उरतेच. पँट खाकी आहे, ती सांभाळून घेते.

खरी नाटकी ती हळद. साबणाची वडी लावताच पिवळा डाग लालभडक झाला आणि मी हादरलो. आई दारातून म्हणाली, ''घाबरतोस काय? हळदीत चुना घातला की कुंकू होतं, विसरलास?'' साबणही चुन्यासारखाच अल्कधर्मी. खळखळून धुतल्यावर लाली ओसरली, पिवळा मागे राहिला. भाजीचं तेल साबणाने नेलं होतं, उरला होता नुसता रंग, आणि त्याला ऊन सोसत नाही. ओला शर्ट डाग वर करून गच्चीत टाकला. दुपारी नकाशातला गुजरात गेला, संध्याकाळपर्यंत सगळा देश. पावसाळ्यात मात्र ऊन कुठून आणणार? तेव्हा ऑक्सिजनवाली डाग काढायची पावडर कोमट पाण्यात कालवून त्यात शर्ट तासभर भिजवतो. क्लोरीनच्या ब्लीचला हात लावत नाही. एकदा त्याने खिशावरचं शाळेचं बोधचिन्ह डागाच्या आधी घालवलं होतं. आणि डाग पुरता गेल्याशिवाय इस्त्री नाही. इस्त्रीच्या उष्णतेने तो असा बसतो की पुढे कशालाच बधत नाही.

सोमवारी शर्ट पांढरास्वच्छ होता. दप्तर भरता भरता चिरंजीव म्हणाले, ''बाबा, बॉलपेन बंद. आता मी जेल पेन वापरणार.''

जेलच्या बऱ्याच शायांत रंगाचे बारीक कण असतात, स्पिरिटमध्येही न विरघळणारे. मी मुकाट्याने त्याच्या कंपासपेटीत पेन्सिल टाकली.